बिलावरचे साडेबारा टक्के कोणाचे?

लंडनमधल्या साध्याशा रेस्टॉरंटमध्ये जेवून बिल मागवले, की पदार्थांच्या किमतींखाली बहुधा आणखी एक ओळ छापलेली असते: सर्व्हिस चार्ज, १२.५ टक्के, ऐच्छिक. दोघांच्या ८० पौंडांच्या जेवणावर त्या ओळीने १० पौंड चढतात. नको असेल तर ही रक्कम काढून टाकायला सांगण्याचा हक्क गिऱ्हाइकाला असतो, पण फार थोडे लोक तो वापरतात. बाकीचे मशिनवर कार्ड टेकवतात आणि कोट चढवून बाहेर पडतात. ज्या मुलीने हसतमुखाने पाणी आणून दिले, पदार्थ समजावून सांगितले, तिच्या हाती हे १० पौंड पडतील असे त्यांनी गृहीत धरलेले असते.

त्या १० पौंडांवर हक्क सांगणारे आत आणखी बरेच जण असतात. ज्याने मासा नेमका भाजला तो कूक, ज्याने सकाळी आठला येऊन कांदे-बटाट्यांची पोती रिकामी केली तो त्याच्या हाताखालचा, आणि रात्री साडेअकराला शेवटची कढई घासणारा किचन पोर्टर, म्हणजे आपल्याकडच्या हॉटेलांतला मसालची. यांच्यापैकी कोणालाही गिऱ्हाइकाने पाहिलेले नसते. या सगळ्यांत पैसे कसे वाटायचे हे ठरवणारा एक कागद रेस्टॉरंटच्या मागच्या बाजूला, कामाच्या वेळापत्रकाशेजारी लावलेला असतो किंवा स्टाफच्या मोबाइलवर पाठवलेला असतो. या लेखाचा विषय तो कागद आहे.

मराठी वाचकाने त्यात लक्ष घालावे याचे एक कारण अगदी घरचे आहे. पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून शिकायला ब्रिटनला गेलेली अनेक मुले-मुली कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करू शकतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची पहिली नोकरी रेस्टॉरंटमध्येच असते. हा कागद त्यांच्याही समोर येतो. तो वाचायचा कसा, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

हा कागद इतका महत्त्वाचा का झाला, ते आधी पाहू. टेबलावर ठेवलेली रोख टिप ब्रिटनमध्ये वेटरची मानली जायची. कार्डाने दिलेली टिप मात्र मालकाच्या बँक खात्यात जमा व्हायची आणि कायद्याच्या नजरेत ती मालकाचीच ठरायची. लोक रोख रक्कम बाळगत होते तोवर याचा फारसा बोभाटा झाला नाही. कार्डांचे प्रमाण वाढले तसे वेटरचे उत्पन्न हळूहळू मालकाच्या मर्जीवर गेले. २००९च्या ऑक्टोबरपर्यंत तर सर्व्हिस चार्जचे पैसे किमान वेतनाच्या हिशेबात धरायलाही मुभा होती. म्हणजे गिऱ्हाइकाने खुशीने दिलेल्या पैशातून मालक कायदेशीर पगारच भरून काढू शकत होता. ती वाट बंद झाली, तरी कार्डावरच्या टिपमधून 'व्यवस्थापन खर्च' कापून घेण्याची पद्धत चालू राहिली, आणि २०१५च्या सुमारास तिच्यावरून वृत्तपत्रांतून बराच गदारोळ झाला. अखेर २०२३ मध्ये टिपच्या वाटपाचा स्वतंत्र कायदा संमत झाला आणि १ ऑक्टोबर २०२४पासून तो इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये लागू झाला.

या कायद्याचा गाभा सरळ आहे. गिऱ्हाइकाने दिलेली टिप आणि सर्व्हिस चार्ज पूर्णपणे कामगारांचा. ज्या महिन्यात पैसे आले त्याच्या पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत ते कामगारांपर्यंत पोचले पाहिजेत. वाटप न्याय्य हवे, आणि वाटपाचे धोरण लेखी स्वरूपात प्रत्येक कामगाराला उपलब्ध हवे, एजन्सीमार्फत आलेल्यालाही. एका शाखेत जमा झालेले पैसे त्या शाखेतल्याच लोकांत वाटायचे, तोट्यातली दुसरी शाखा सावरायला वापरायचे नाहीत. 'न्याय्य' म्हणजे किती, याचा आकडा मात्र कायद्याने दिलेला नाही. सोबतच्या आचारसंहितेत कोणत्या गोष्टी विचारात घ्याव्यात ते सांगितले आहे: कामाचे स्वरूप, मूळ पगार, कामाचे तास, अनुभव, जबाबदारी. सर्वांना सारखेच द्या असे ती म्हणत नाही. आकडे ठरवायचे काम रेस्टॉरंटवर सोडले आहे, आणि म्हणूनच खरा कस नोटिशीचा लागतो.

चांगली नोटीस कशी असते हे समजावे म्हणून एक नमुना घेऊ. रेस्टॉरंट काल्पनिक आहे, पद्धत मात्र तिथे सर्रास वापरली जाते ती.

"सर्व स्टाफसाठी. सोमवार ते रविवार या आठवड्यात गिऱ्हाइकांनी भरलेला सर्व्हिस चार्ज आणि कार्डावर दिलेली जास्तीची टिप एकत्र धरली जाईल. त्यातून कार्डाचे शुल्क, फुटलेली भांडी, बिल न भरता गेलेली टेबले यांपैकी कशासाठीही एक पेनी कापली जाणार नाही. प्रत्येकाला कामाच्या दर तासामागे पॉइंट मिळतील. हेड वेटर ६, वेटर आणि बारमन ५, रनर ४. हेड शेफ ४, सेक्शनचे कूक ३, कॉमी अडीच, किचन पोर्टर २. जमा रकमेला त्या आठवड्याच्या एकूण पॉइंटांनी भागून पॉइंटचा दर निघेल. जमा रक्कम, एकूण पॉइंट आणि दर हे तिन्ही आकडे दर मंगळवारी या फळ्यावर लागतील. रजेच्या दिवसांचे पॉइंट मिळणार नाहीत. रेस्टॉरंटचे मालक या वाटपात नाहीत."

आता एक आठवडा घेऊन हिशेब करू. खाण्यापिण्याची विक्री ३२,००० पौंड झाली. साडेबारा टक्क्यांनी सर्व्हिस चार्ज ४,००० पौंड व्हायला हवा होता, पण काही टेबलांनी तो काढून टाकायला सांगितले आणि प्रत्यक्षात ३,६०० पौंड जमा झाले. जास्तीची टिप या आठवड्यात कोणी दिली नाही असे धरू. वाटायचे ते हे ३,६००, कागदावरचे ४,००० नव्हेत.

फ्लोअरवर नऊ माणसे होती. हेड वेटरने ४० तास काम केले, ६ पॉइंटांनी त्याचे २४० झाले. पूर्णवेळचे तीन वेटर ४० तासांचे आणि दोन विद्यार्थी वेटर २० तासांचे, मिळून १६० तास, ५ पॉइंटांनी ८००. बारमनचे ४० तास म्हणजे २००. किचनमधून ताटे टेबलापर्यंत पोचवणारे दोन रनर २० तासांचे, ४ पॉइंटांनी मिळून १६०. फ्लोअरची बेरीज १,४००.

किचनमध्येही नऊ जण, सगळे ४० तासांचे. हेड शेफचे १६० पॉइंट. चार सेक्शन सांभाळणारे चार कूक, ३ पॉइंटांनी मिळून ४८०. दोन कॉमी अडीच पॉइंटांनी २००. भांडी घासणारे, फरशी धुणारे दोन पोर्टर २ पॉइंटांनी १६०. किचनची बेरीज १,०००.

दोन्ही मिळून २,४०० पॉइंट. ३,६०० पौंडांना २,४००ने भागले, की एका पॉइंटचा दर दीड पौंड. इथून पुढे प्रत्येक जण आपला आकडा स्वतः काढू शकतो. पूर्णवेळच्या वेटरचे २०० पॉइंट, म्हणजे ३०० पौंड. २० तास काम करणाऱ्या विद्यार्थ्याला १५०. हेड वेटरला ३६०, रनरला १२०. आत हेड शेफला २४०, सेक्शनच्या कूकला १८०, कॉमीला १५० आणि पोर्टरला १२०. फ्लोअरकडे एकूण २,१०० पौंड गेले आणि किचनकडे १,५००. हे सगळे आकडे कर कापण्याआधीचे आहेत. मूळ पगाराचे पैसे वेगळे, आणि ते किमान वेतनापेक्षा कमी असता कामा नयेत. एप्रिल २०२६पासून २१ वर्षे आणि त्यावरच्या कामगारासाठी हे वेतन तासाला १२.७१ पौंड आहे.

विद्यार्थी वेटरच्या वाट्याला तासामागे साडेसात पौंड आणि सेक्शनच्या कूकच्या वाट्याला साडेचार, यावरून किचनमध्ये कुरकुर होते आणि ती समजण्यासारखी आहे. तंदूरपाशी किंवा ग्रिलपाशी दहा तास उभे राहणाऱ्या माणसाला, बाहेर गप्पा मारत ताट ठेवणाऱ्यापेक्षा कमी का? फ्लोअरकडून उत्तर दोन अंगांनी येते. एक म्हणजे कूकचा मूळ पगार बहुधा जास्त असतो, वेटर मात्र किमान वेतनाच्या जवळपास असतो. दुसरे असे की सर्व्हिस चार्ज काढून टाका असे गिऱ्हाईक म्हणते ते वेटरच्या तोंडावर, आणि तसे होऊ नये म्हणून झटतो तोही वेटरच. पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, पण तो खरा आहे की नाही हे पगारपत्रक पाहूनच ठरवावे. जिथे कॉमी आणि पोर्टरसुद्धा किमान वेतनावरच आहेत तिथे हे कारण त्यांना लागू होत नाही. माझ्या मते वरच्या नमुन्यातली सगळ्यात कच्ची बाजू तीच आहे: पोर्टरचे दोन पॉइंट. सगळ्यांत कमी पगार, सगळ्यांत जास्त अंगमेहनत आणि वाटाही सगळ्यांत लहान. त्याला तीन पॉइंट दिले तर एकूण पॉइंट २,४८० होतात आणि दर साधारण १.४५ पौंडांवर येतो. पूर्णवेळच्या वेटरचे ३०० पौंडांचे सुमारे २९० होतात आणि पोर्टरचे १२०चे सुमारे १७४. दहा पौंडांनी वेटरचे फारसे अडत नाही. चौपन्न पौंडांनी पोर्टरचा आठवडा बदलतो.

पॉइंट सोडून दुसरी एक पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. जमा रकमेचे आधीच दोन तुकडे करायचे, समजा ७० टक्के फ्लोअरला आणि ३० टक्के किचनला, आणि मग प्रत्येक बाजूने आपापसात वाटून घ्यायचे. ऐकायला ही पद्धत सोपी वाटते. त्याच आठवड्याचे आकडे तिला लावून बघा. फ्लोअरला २,५२० पौंड आणि त्यांचे तास २८०, म्हणजे सरासरी तासाला ९ पौंड. किचनला १,०८० पौंड आणि त्यांचे तास ३६०, म्हणजे सरासरी तासाला ३ पौंड. नोटिशीवर सत्तर-तीस लिहिलेले असते, प्रत्यक्षात तासामागे फरक तिप्पट पडतो. टक्क्यांत माणसे आणि तास मोजलेलेच नसल्याने तो नुसत्या नजरेला दिसत नाही. पुढे मालकाने मेनू वाढवला आणि आणखी दोन कूक घेतले, तर किचनची माणसे वाढतात पण तुकडा तेवढाच राहतो. प्रत्येक कूकचा वाटा घटतो आणि फ्लोअरला त्याची झळ लागत नाही. टक्केवारीची नोटीस हाती आली तर आधी दोन्ही बाजूंचे तास विचारावेत. ते कळल्याशिवाय त्या टक्क्यांना अर्थ नाही.

तुकड्याच्या पद्धतीचा एक गुणही सांगायला हवा. समजा त्या आठवड्यात एक कूक आजारी पडला आणि त्याचे काम उरलेल्या तिघांनी ओढले. तुकडे पाडलेले असतील तर त्याचा वाटा किचनमध्येच राहतो आणि ज्यांनी भार उचलला त्यांच्याकडे जातो. एकत्र पॉइंटांत मात्र एकूण २,४००चे २,२८० होतात, दर सुमारे १.५८ पौंड होतो आणि ती वाढ बारमनपासून सगळ्यांत पसरते. यावर समंजस ठिकाणी तोडगा असतो तो तासांचा: जे जादा थांबले त्यांचे जादा तास चोख नोंदवायचे, म्हणजे पॉइंट आपोआप त्यांच्याकडे जातात. त्यासाठी येण्या-जाण्याची नोंद प्रामाणिक हवी. पॉइंट पद्धतीत चोरी करायची झाली तर ती दरात होत नाही, तासांत होते. मॅनेजरने आठवड्याच्या शेवटी तुमच्या ४३ तासांचे ४० केले, तर पगाराचे तीन तास गेलेच, वेटरच्या पाच पॉइंटांनी पंधरा पॉइंटही गेले. नोंद रोज आपल्या वहीत करून ठेवण्याइतका साधा उपाय दुसरा नाही.

किती दिवसांचा गल्ला एकत्र धरायचा हाही वादाचा विषय असतो. रोजच्या रोज वाटले तर शुक्रवार रात्रीचा वेटर मालामाल होतो आणि सोमवार दुपारच्या वेटरला बसभाडेही सुटत नाही. मग शुक्रवारच्या शिफ्टसाठी मॅनेजरची मनधरणी सुरू होते, आणि ती कोणाला मिळते यावरून गट पडतात. किचनला तर रोजचा हिशेब आणखीच अन्यायाचा. शनिवारच्या गर्दीची तयारी शुक्रवारी दुपारीच होते: स्टॉक उकळतो, मटण मुरवले जाते, कणकेचे गोळे होतात. ते करणाऱ्याची शनिवारी सुट्टी असेल तर रोजच्या वाटपात त्याच्या हातात काहीच येत नाही. आठवडा एकत्र धरला की ही अडचण बरीचशी सुटते.

एक गोष्ट मात्र आठवडा धरूनही सुटत नाही. घरपोच ऑर्डरींवर सहसा सर्व्हिस चार्ज नसतो. पावसाळी संध्याकाळी हॉल अर्धा रिकामा असतो आणि किचन डिलिव्हरीच्या डब्यांनी गुदमरलेले असते. त्या दिवशी आत काम दुप्पट आणि पेटीत भर निम्मी. डिलिव्हरीचा धंदा मोठा असलेल्या ठिकाणी किचनचे पॉइंट ठरवताना, किंवा निदान मूळ पगार ठरवताना, हे लक्षात घेतले गेले पाहिजे. बहुतेक नोटिशींत याचा उल्लेखही नसतो.

आता कराचा भाग. तो किचकट असला तरी पगारपत्रकावर तोच दिसतो. सर्व्हिस चार्जचे वाटप मालकाने स्वतः ठरवले तर त्यावर आयकरासोबत नॅशनल इन्शुरन्सही भरावा लागतो, कामगारालाही आणि मालकालाही. वाटप मालकाच्या हाताबाहेर असेल तर हा इन्शुरन्स लागत नाही, फक्त आयकर लागतो. म्हणून अनेक रेस्टॉरंटांत ट्रॉंक नावाची वेगळी व्यवस्था असते. स्टाफपैकी एखादा ज्येष्ठ माणूस किंवा बाहेरची हिशेब सांभाळणारी संस्था ट्रॉंकमास्टर म्हणून नेमली जाते, तिची माहिती कर खात्याला दिली जाते, आणि कोणाला किती पॉइंट हे तिने ठरवायचे. मालकाच्या वाट्याचा इन्शुरन्स एप्रिल २०२५पासून १५ टक्के आहे, म्हणजे आपल्या ३,६०० पौंडांवर आठवड्याला ५४० पौंडांपर्यंतची बचत. कामगाराचेही साधारणपणे ८ टक्के वाचतात. एवढ्या बचतीची अट एकच: ट्रॉंकमास्टर खरोखर स्वतंत्र असला पाहिजे. मालकाने कानात सांगायचे आणि ट्रॉंकमास्टरने सही करायची असा प्रकार असेल तर कर खाते ती व्यवस्था मानत नाही. ट्रॉंकमास्टर कोण आणि त्याला भेटायचे केव्हा, हे नोटिशीत नावानिशी असावे.

नोटिशीत काय असू नये हेही सांगतो. "सर्व्हिस चार्जमधून कार्ड मशिनचे शुल्क वजा करून" असे लिहिले असेल तर ते बेकायदा आहे. दीड टक्का शुल्क धरले तर आपल्या आठवड्यात ५४ पौंड होतात, म्हणजे एका पोर्टरच्या वाट्याचा निम्म्याच्या जवळपास भाग. "तासाला १६ पौंड, सर्व्हिस चार्जसह" अशी जाहिरात दिसली तर मूळ पगार किती हा पहिला प्रश्न विचारावा. मंदीच्या आठवड्यात सर्व्हिस चार्ज आटला तर उरतो तो मूळ पगारच. आणखी एक पळवाट निघाली आहे. कायदा येण्याच्या सुमारास एका साखळी रेस्टॉरंटने सर्व्हिस चार्ज बंद करून त्याऐवजी ब्रँडच्या नावाने आकार लावायला सुरुवात केली. तो आकार टिप नाही, त्यामुळे तो वाटण्याचे बंधन नाही. बिलावरची ओळ जवळपास तशीच दिसते आणि गिऱ्हाइकाला वाटत राहते की पैसे स्टाफला गेले.

आपल्याकडे वादाचे टोक वेगळे आहे. महाराष्ट्रात परमिट रूमपासून मोठ्या हॉटेलांपर्यंत टिप वाटण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. कुठे वेटरने आपली टिप खिशात घालायची, कुठे काउंटरवरच्या डब्यात टाकून रात्री सगळ्यांनी वाटून घ्यायची, तर मोठ्या हॉटेलांत पॉइंटांची पद्धतही आहे. मात्र वाटप असेच करा असे सांगणारा ब्रिटनसारखा कायदा आपल्याकडे नाही. इथला झगडा आधी सर्व्हिस चार्ज घ्यावा की नाही यावरच झाला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या: हॉटेलांनी सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालू नये, दुसऱ्या कोणत्या नावानेही वसूल करू नये. हॉटेलांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या आणि दोन्ही याचिकाकर्त्या संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा खर्च लावला. त्या निकालाविरुद्ध अपीलही झाले.

संघटनांची बाजू होती की हे पैसे किचनसकट सगळ्या स्टाफमध्ये वाटले जातात, एरवी टिप फक्त वेटरला मिळते. हा मुद्दा मला पटतो. पण तो पटवून देण्यासाठी हातात काय होते? आठवड्याची जमा रक्कम, एकूण पॉइंट आणि दर सांगणारा एक कागद प्रत्येक हॉटेलच्या काउंटरवर असता, तर गिऱ्हाइकाने कदाचित आनंदाने पैसे दिले असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एका मोठ्या हॉटेल कंपनीच्या आयकराच्या खटल्यात म्हटले आहे, की कार्डावरून आलेली टिप हॉटेल कंपनी कर्मचाऱ्यांच्या वतीने, विश्वस्ताच्या नात्याने हाताळते, तो तिने दिलेला पगार नव्हे. जो दुसऱ्याचे पैसे विश्वस्त म्हणून सांभाळतो त्याने हिशेब दाखवला पाहिजे. आपल्या हॉटेलांनी कायद्याची वाट न पाहता ही नोटीस लावायला काहीच हरकत नाही. त्यात अवघड असे काही नाही, एक भागाकार आहे.

ब्रिटनमध्ये यापुढचे पाऊल उचलले गेले आहे. २०२५च्या कामगार हक्क कायद्याने अशी तरतूद केली, की टिपचे धोरण ठरवण्याआधी मालकाने कामगारांशी विचारविनिमय करायचा आणि दर तीन वर्षांनी त्याचा फेरविचार करायचा. म्हणजे पोर्टरला दोन पॉइंट की तीन, या चर्चेत पोर्टरलाही बसवावे लागेल. बैठक दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणांच्या मधल्या वेळेत ठेवा, त्या वेळी किचन थोडे मोकळे असते. रात्री अकराला ठेवली तर पोर्टर सिंकपाशी असतो आणि ठराव त्याच्याशिवाय होतो.

तिकडे काम करणाऱ्या, किंवा जाऊ घातलेल्या मुला-मुलींसाठी शेवटचे काही. पहिल्या आठवड्यातच धोरणाची प्रत मागा, ती मागणे उद्धटपणा नाही. पगारपत्रकावर सर्व्हिस चार्जची ओळ वेगळी आहे का ते पाहा, आणि आपल्या तासांना आपल्या पॉइंटांनी आणि दराने गुणून तो आकडा जुळतो का ते तपासा. जुळत नसेल तर आधी ट्रॉंकमास्टरला किंवा मॅनेजरला वहीतले तास दाखवा. पुष्कळदा चूक नोंदीची असते आणि पुढच्या आठवड्यात दुरुस्त होते. तरीही समाधान झाले नाही तर लेखी मागणी करा. मालकाला टिपची नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. तीन महिन्यांतून एकदा कामगार ती मागू शकतो आणि चार आठवड्यांत ती द्यावी लागते. नोकरी सोडली म्हणून हक्क संपत नाही. वाटपाबद्दलची तक्रार रोजगार न्यायाधिकरणाकडे नेण्याची मुदत बारा महिन्यांची आहे, आणि झालेल्या नुकसानीपोटी न्यायाधिकरण ५,००० पौंडांपर्यंत भरपाई देऊ शकते.